पहिल्यांदाच टीमची जबाबदारी मिळालेल्या मैत्रिणीला भेट काय द्यावी?

जवळच्या कुणाला पहिल्यांदाच टीमची जबाबदारी मिळाली की आपण भेट शोधायला लागतो, आणि बहुतेक वेळा हात जातो तो तिच्या पुढच्या कामात उपयोगी पडेल अशा वस्तूकडे. नेतृत्वावरचं पुस्तक, दिवसाचं नियोजन करायची डायरी, टेबलावर ठेवायची सुविचाराची पाटी. देणाऱ्याच्या मनात निखळ आनंद असतो. घेणाऱ्या व्यक्तीला मात्र त्यातून ऐकू येतं, ‘तुला अजून हे शिकायचंय.’ आणि हे ऐकू येतं नेमकं त्या दिवसांत, जेव्हा ‘मला जमेल ना?’ ही धाकधूक तिला आधीच लागलेली असते.

अशा भेटीचा एकच नियम मी मानते. भेट मागे पाहणारी असावी. तिने आतापर्यंत जे केलं आणि तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलं, त्याबद्दल ती असावी. पुढे काय करावं, कसं वागावं, याबद्दल नसावी. अभिमान व्यक्त करणं आणि वडीलकीने पाठ थोपटणं यांतला फरक इथेच पडतो. पाहिलेलं सांगणारा माणूस बरोबरीने उभा असतो. शाबासकी देणारा नकळत एक पायरी वर जातो.

खाली जे टप्पे दिले आहेत, ते एका खऱ्या उदाहरणाच्या आधाराने सांगते. माझ्या ओळखीतल्या दोघी नर्सिंगला एकत्र शिकल्या. पुढे काही वर्षं एकाच वॉर्डात स्टाफ नर्स होत्या, मग एक दुसऱ्या रुग्णालयात गेली. मागे राहिलेली मैत्रीण वॉर्डची इन्चार्ज झाली आणि दुसरीला तिला काहीतरी द्यायचं होतं. तुमची मैत्रीण किंवा मित्र बँकेत असेल, कारखान्यात असेल, शाळेत असेल. टप्पे तेच राहतात.

आधी बातमी नीट समजून घ्या

खरेदीला निघण्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात. पद अधिकृतपणे जाहीर झालंय का? ते कायम आहे की तात्पुरता चार्ज आहे? आणि त्याच जागेसाठी तिच्या ओळखीतलं आणखी कुणी प्रयत्न करत होतं का?

पहिला प्रश्न सरळ आहे. जाहीर व्हायच्या आधी भेट कामाच्या जागी पोचली तर ती अडचणीत येते. दुसरा प्रश्न लोक विचारत नाहीत. चार्ज तात्पुरता असेल आणि तुम्ही नव्या पदाचं नाव कोरलेली वस्तू नेलीत, तर काही महिन्यांनी ती वस्तू तिच्या नजरेला टोचायला लागेल. तिसरा प्रश्न ठरवतो की भेट कुठे द्यायची. जी सहकारी मागे पडली ती शेजारच्या टेबलावर बसत असेल, तर भेट घरी द्यायची.

हे सगळं तिलाच विचारता येतं. ‘ऑर्डर आली का हातात? कधीपासून सुरू?’ एवढं विचारलं की ती बाकीचं आपणहून सांगते. ती सांगत असताना तिचा सूरही ऐका. काहींना पद हवं असतं, काहींच्या गळ्यात पडतं. नको असताना जबाबदारी आलेल्या माणसापुढे सोहळा करणं त्याला एकटं पाडतं. अशा वेळी एक फोन आणि एक पत्र पुरतं.

मग पाहिलेलं कागदावर उतरवा

हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि तो दुकानात जायच्या आधी करायचा असतो. एक कागद घ्या आणि तिला काम करताना तुम्ही स्वतः पाहिलेले तीन-चार प्रसंग लिहा. गुण लिहायचे नाहीत. ‘मेहनती, शांत, समजूतदार’ हे शब्द कुणालाही लागू पडतात आणि प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यासारखे वाटतात. कुठे, कोण होतं, तिने काय केलं, एवढंच लिहा.

आमच्या उदाहरणात भेट देणाऱ्या मैत्रिणीचा पहिला कागद असाच गुणांनी भरलेला होता. ‘असं कधी पाहिलंस?’ असं तिला एकेका शब्दापुढे विचारत गेल्यावर प्रसंग बाहेर आले. एक होता औषधाच्या डोसवरून डॉक्टरांना पुन्हा फोन करून खात्री करून घेतल्याचा. दुसरा ड्युटीच्या याद्या लावताना सणासुदीची नाईट स्वतःकडे घेतल्याचा. तिसरा मला सगळ्यांत आवडला. नाईट ड्युटी संपून हँडओव्हर झालं की सगळ्या घरी पळायच्या. ही मात्र नव्या मुलींपैकी जिची रात्र वाईट गेली असेल तिला घेऊन चेंजिंग रूमच्या बाकावर बसायची. घरून आणलेल्या थर्मासमधला उरलेला चहा झाकणात ओतून तिला द्यायची. तिला बोलू द्यायची, आणि स्वतः फारसं काही बोलायची नाही. पंधरा-वीस मिनिटं, कधी जास्त. हे तिच्या कामाचा भाग नव्हतं आणि याची नोंद कुठे होत नव्हती.

चांगला प्रसंग ओळखायची खूण हीच. तो पदाच्या आधीचा असतो, तो करायला तिला कुणी सांगितलेलं नसतं, आणि तो बढतीच्या कागदपत्रांत सापडत नाही. असा प्रसंग मिळाला की भेटीचं अर्धं काम झालं, कारण त्यातून एक गोष्ट आपोआप सांगितली जाते: माणसं सांभाळण्याचं काम ती आधीपासून करत होती, पद नंतर आलं.

तुम्ही तिला कामावर कधीच पाहिलेलं नसेल तर काय? मग कामाबाहेरचा प्रसंग घ्या. सहलीत गाडी बंद पडल्यावर तिने कुणाला काय सांगितलं, कुणाच्या आजारपणात पाळ्या कशा लावल्या. ऐकीव कौतुक मात्र घेऊ नका. ‘तुझे सहकारी तुझ्याबद्दल फार चांगलं बोलतात’ या वाक्याने ती लगेच विचारात पडते, की कोण बोललं, काय बोललं.

वस्तू त्या प्रसंगातून निवडा

आता वस्तू शोधणं सोपं होतं. या प्रकरणात ती थर्मासच निघाली, पण दोन कपांचा. आधीच्या थर्मासला एकच झाकण होतं आणि ते समोरच्या मुलीला दिलं की हिच्या हातात काही उरायचं नाही. दुसऱ्या कपाने सगळं बोलून टाकलं.

थर्मास घेताना काय बघायचं तेही सांगते, कारण वस्तू भावनेने निवडलेली असली तरी ती नीट चालली पाहिजे. गळकी भेट माणूस भीडेपोटी ठेवून देतो आणि वापरत नाही. दोघींच्या पंधरा-वीस मिनिटांसाठी अर्धा लिटर पुरतं. लिटरभराचा पिशवीत जड होतो आणि अर्धा रिकामा राहिला तर आतला चहा लवकर निवतो. तोंड अरुंद असेल तर उष्णता जास्त टिकते, पण आत हात जात नसल्याने घासायला ब्रश लागतो. झाकणातली रबरी रिंग काढता आणि बदलता येते का, हे बघा. वास आणि गळती दोन्ही तिथूनच सुरू होतात.

घरी आणल्यावर एक चाचणी जरूर करा. उकळतं पाणी भरा, झाकण लावा आणि काही मिनिटांनी बाहेरून हात लावून पाहा. अंग कुठेही गरम लागत असेल, तर दोन भिंतींमधली पोकळी नीट राहिलेली नाही आणि तो थर्मास बदलून घ्यायला हवा. झाकणाजवळ थोडी ऊब लागणं स्वाभाविक आहे. मग तो आडवा करून कोरड्या कापडावर तासभर ठेवा. कापड ओलं झालं तर रिंग किंवा आटे बरोबर नाहीत. चाचण्या झाल्यावर पूर्ण कोरडा करून, झाकण उघडं ठेवून एक रात्र जाऊ द्या, मगच बांधा.

नाव कोरून घ्यायचं असेल तर या चाचण्या आधी करा, कारण कोरलेली वस्तू दुकानं सहसा परत घेत नाहीत. काय कोरायचं, याबद्दल माझं मत ठाम आहे: पदाचं नाव नको, ‘बॉस’ नको, सुविचार नको. पद बदलतं, आणि पद कोरलेली वस्तू तिच्या टीमसमोर टेबलावर ठेवणं तिला अवघड जातं. तिचं नाव, किंवा तुम्ही दोघी एकमेकींना ज्या नावाने हाक मारता ते, एवढं पुरे. रंगाचा थर असलेल्या स्टीलवर लेझरने कोरलं की वरचा रंग निघून खालचं स्टील दिसतं. त्यामुळे बारीक अक्षरं आणि वळणदार टाइप टाळा. देवनागरीत नाव असेल तर आधी कागदावर खऱ्या आकारात छापून मागा आणि जोडाक्षरं, वेलांट्या तपासा. जोडाक्षर सुटून हलन्त दिसतं, हे वरचेवर घडतं.

तुमच्या प्रसंगातून वेगळी वस्तू निघेल. मीटिंगमध्ये जो मित्र गप्प बसलेल्यांची मतं खिशातल्या चिठ्ठीवर टिपून ठेवायचा, त्याला खिशात मावेल अशी वही. ए-सहा मापाची वही १०५ × १४८ मिलिमीटर असते आणि शर्टाच्या बऱ्याच खिशांत बसते. ए-पाच बसत नाही. तो शाईचं पेन वापरत असेल तर नेहमीच्या ८० जीएसएमच्या कागदावर शाई पसरू शकते. तेव्हा थोडा जाड, शाईसाठी बनवलेला कागद बघा, आणि शक्य तर शेवटच्या पानावर त्याच प्रकारच्या पेनाने एक रेघ ओढून पाहा. पण अशी वही देताना ‘आता तुला नोंदी ठेवाव्या लागतील’ असं म्हटलंत की ती मागे पाहणारी वही पुढचा गृहपाठ होऊन बसते. वस्तू तीच, वाक्यामुळे अर्थ फिरतो.

निवडलेल्या वस्तूला शेवटी एक प्रश्न विचारा: ही वस्तू तिची एखादी उणीव भरून काढण्यासाठी आहे का? वेळेचं नियोजन, ताण घालवणं, आत्मविश्वास, ‘लीडरसारखं’ दिसणं. उत्तर हो आलं तर ती बाजूला ठेवा. ती बाई आहे म्हणून ‘लेडी बॉस’ छापाची वस्तू देऊ नका. तिने पद बाई म्हणून मिळवलेलं नाही. मसाज किंवा आरामाची भेट चांगली असू शकते, पण वर्षभराने. पहिल्याच आठवड्यात दिली तर ‘तुला झेपणार नाही’ असा सूर लागतो.

किमतीची चिंता इथे लवकर मिटवता येते. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की भेट जितकी महाग तितकी ती आवडेल असं देणाऱ्यांना वाटतं, घेणाऱ्यांच्या मनात मात्र किंमत आणि कौतुक यांचा तसा संबंध लागत नाही. वर फार महाग भेटीने नव्या पदावरच्या माणसाला परतफेडीचं ओझं होतं. एरवी तिच्या वाढदिवसाला जेवढा खर्च करता, त्याच्या आसपास राहा.

सोबतचं पत्र: इथे घाई नको

पत्राशिवाय थर्मास हा फक्त थर्मास असतो. आमच्या मैत्रिणीने पहिला मसुदा असा लिहिला होता:

*‘खूप खूप अभिनंदन! शेवटी तुझ्या कष्टांचं चीज झालं. मला पहिल्यापासून खात्री होती की तू करून दाखवशील. आता जबाबदारी मोठी आहे, सगळ्यांना सांभाळून घे आणि स्वतःची काळजी घ्यायला विसरू नकोस. पाय असेच जमिनीवर ठेव. तुझा खूप अभिमान वाटतो.’*

यात प्रेम आहे, आणि तरीही जवळजवळ प्रत्येक वाक्य वरून बोलतं. ‘शेवटी’ म्हटलं की उशीर झाल्याची आठवण होते. ‘कष्टांचं चीज झालं’ यातून असं निघतं, की पद मिळालं नसतं तर कष्ट वाया गेले असते. बाकावरच्या त्या सकाळी तर पदासाठी नव्हत्याच. ‘मला खात्री होती’ या वाक्यात नजर लिहिणारीच्या पारखीवर जाते. ‘करून दाखवशील’ म्हणजे कुणीतरी परीक्षा घेत होतं. पुढची दोन वाक्यं सरळ उपदेशाची आहेत. ‘पाय जमिनीवर ठेव’ हे ज्याचे पाय सुटतील अशी शंका आहे त्यालाच सांगतात. आणि शेवटचा अभिमान कोरडा राहतो, कारण तो कशाचा हे आधी कुठे आलंच नाही.

दुरुस्ती करताना आम्ही शब्द बदलत बसलो नाही. कागदावरचा प्रसंग घेतला आणि पत्र तिथून सुरू केलं:

*‘नाईट संपल्यावर तू नव्या मुलींना घेऊन चेंजिंग रूमच्या बाकावर बसायचीस, ते मी कितीदा पाहिलंय. वॉर्डातल्या माझ्या पहिल्या वर्षी, तो पेशंट गेला त्या सकाळी, त्या बाकावर मीही होते. तू मला काहीच समजावलं नाहीस. फक्त चहा दिलास आणि बसून राहिलीस. त्या दिवशी मी राजीनामा लिहायचा ठरवून आले होते. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तू इन्चार्ज झालीस हे कळलं तेव्हा मला तो बाक आठवला, आणि मी तुझी मैत्रीण आहे याचा फार अभिमान वाटला. हा थर्मास दोन कपांचा आहे. तुझाही चहा राहू नये म्हणून.’*

पत्र थोडंच लांबलं. सुरुवात ‘तू’ने आणि क्रियेने होते. मध्ये एक अशी गोष्ट आहे जी घेणारीला माहीतच नव्हती: तिच्या वागण्याचा दुसऱ्या माणसावर काय परिणाम झाला. नव्याने जबाबदारी घेतलेल्या माणसाला हे ऐकायला क्वचित मिळतं. अभिमान आला आहे, पण तो नात्याला जोडून. ‘तू मोठी झालीस’ असं म्हणणारं माणूस मागे उभं राहून बघत असतं, ‘मी तुझी मैत्रीण आहे’ म्हणणारं शेजारी असतं. सल्ला एकही नाही. शेवटच्या वाक्यात काळजी आहे, तीही वस्तूने घेतलेली, सूचनेने नाही.

असं लिहायला अवघड वाटतं, ‘जरा जास्तच होतंय’ असं वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये कृतज्ञतेच्या पत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पत्र वाचणाऱ्याला किती अवघडल्यासारखं होईल याचा अंदाज लिहिणारे जास्त लावतात आणि त्याला किती आनंद होईल याचा कमी, असं त्यांना आढळलं. तेव्हा हात आखडता घेऊ नका. पण प्रसंगात तिसऱ्या माणसाची बदनामी होणार नाही, पेशंटचं किंवा ग्राहकाचं नाव येणार नाही, याकडे बघा. हे पत्र ती कदाचित कपाटाच्या दाराला आतून लावेल.

हाताने लिहा. अक्षर वाईट असलं तरी चालेल, वाचता आलं म्हणजे झालं. लिहून झालं की मोठ्याने वाचा आणि तेच पत्र तुमच्या वरिष्ठांनी तुम्हाला दिलं असतं तर शोभलं असतं का, असा विचार करा. शोभत असेल तर कुठेतरी शाबासकी शिल्लक आहे. ते वाक्य शोधून काढून टाका.

कधी आणि कुठे द्यायचं

पहिल्या दिवशी नको. त्या दिवशी फुलं, फोन, मेसेज यांची गर्दी असते आणि पत्र वाचायला निवांतपणा नसतो. बातमी कळली की लगेच दोन ओळींचा मेसेज किंवा फोन करा, म्हणजे शांत राहिलात असं वाटणार नाही. भेट दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात द्या. तोवर गर्दी ओसरलेली असते आणि कामाचा खरा भार जाणवायला लागलेला असतो.

टीमसमोर देऊ नका. पत्र सगळ्यांपुढे मोठ्याने वाचायला लावू नका. तिच्या हाताखालची माणसं तिला अजून जोखत असतात आणि जुन्या मैत्रिणीच्या आठवणी तिथे तिला लहान करू शकतात. आमच्या मैत्रिणीने ड्युटी सुटल्यावर बाहेर भेटून पिशवी हातात दिली आणि म्हणाली, ‘घरी जाऊन उघड.’ एवढंच. देताना भाषण केलंत तर पत्राची हवा जाते.

तुम्ही स्वतः आता तिच्या हाताखाली काम करणार असाल तर गोष्ट बदलते. अनेक संस्थांत वरिष्ठांना भेटवस्तू देण्यावर नियम असतात, ते आधी बघा. नियम नसला तरी वस्तू टाळून फक्त पत्र द्या. पुढे तुमची रजा किंवा ड्युटी मंजूर करताना तिच्या मनात किंवा इतरांच्या नजरेत ती वस्तू मध्ये येता कामा नये. आणि तुम्हीही त्याच जागेसाठी प्रयत्न केला असेल, तर पत्रात त्याचा उल्लेख करू नका, मनाचा मोठेपणा दाखवणारं वाक्य तर नकोच. पाहिलेला प्रसंग लिहा. जमत नसेल तर महिनाभर थांबा. उशिरा आलेलं खरं पत्र चालतं.

भेट दिल्यानंतर ‘वापरतेस ना?’ असं विचारू नका. पुढच्या वेळी भेटाल तेव्हा पदाबद्दल पहिला प्रश्न ‘कसं चाललंय, जमतंय का?’ असा नको. ‘कालची ड्युटी कशी होती?’ असं नेहमीसारखं विचारा. तिला अडचण सांगायची असेल तर ती त्यातून सांगेल. सल्ला मागितला तर मग जरूर द्या.